तीन अभ्यासकांचं एकमत

माझ्या पीएच.डी.च्या दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद होता. चिकलठाण्यासारख्या औद्योगिक भागातल्या बाया कारखान्यातलं काम का सोडतात, यावरची तीन अभ्यासकांची लांबलचक अवतरणं मी एकाखाली एक चिकटवली होती. मार्गदर्शक सर म्हणाले, "यात तू कुठंयस? तुझ्या शब्दांत लिही. नावं मात्र ठेव."

खरंच होतं ते. मूळ पानं पुन्हा वाचली, बाजूला ठेवली आणि लिहायला बसले. पहिल्या बाईंचं म्हणणं असं, की त्यांनी पाहिलेल्या एका वस्तीत पाळणाघर नसणं हे एक कारण असावं. ते 'एका वस्तीत' आणि ते 'असावं', दोन्ही मी राखलं. दुसऱ्या अभ्यासकांना हे मान्यच नव्हतं. त्यांच्या मते खरी अडचण रात्रपाळीची. एकमेकींची पाळी करून मिळवलेल्या रजेसाठी तिसऱ्या बाईंनी स्वतः घडवलेला 'उसनी सुट्टी' हा शब्द तेवढा अवतरणचिन्हांत ठेवला, कारण तो त्यांचाच होता. प्रत्येक मताशेजारी ज्याचं त्याचं नाव, वर्ष, पान. मग मूळ पानं समोर घेऊन ओळ न् ओळ ताडून पाहिली.

"छान," सर म्हणाले. "आपल्या दोघांच्या लेखात घेऊ. मी जरा हात फिरवतो."

छपाईआधीची प्रत विभागात आली तेव्हा त्या जागी एकच वाक्य उरलं होतं: पाळणाघराअभावीच स्त्रिया काम सोडतात, यावर अभ्यासकांचं एकमत आहे. पुढं कंसात तिघांची नावं.

ती प्रत घेऊन सरांकडे गेले. "सर, दुसऱ्या अभ्यासकांनी तर उलट लिहिलंय."

"नाव दिलंय ना त्यांचं?" सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले.

"दिलंय म्हणूनच तर वाईट आहे. न बोललेलं त्यांच्या तोंडी घातलंय. पहिल्या बाई तर 'असावं' म्हणतायत, तेही एका वस्तीपुरतं."

"मूळ कोण उघडून बघतंय? एकमत म्हटलं की मुद्दा पक्का होतो." बोटांना लागलेला ओला चुरा त्यांनी त्याच प्रतीच्या कोपऱ्याला पुसला. मला तिथं बसवेना.

"मग माझं नाव काढा."

"येडी हायस का? पहिला लेख आहे तुझा!"

मी संपादकांना कळवून नाव काढून घेतलं, कारणही लिहिलं. लेख आला, सरांच्या एकट्याच्या नावानं, वाक्य जसंच्या तसं. प्रबंधात माझा परिच्छेद राहिला. सरांनी न वाचताच त्यावर सही केली.

पदवी मिळाल्यावर एकदा विभागात गेले होते. नवीन संशोधक मुलीनं तिचं प्रकरण दाखवलं. त्यात ते 'एकमत' होतं, सरांच्या लेखाचा हवाला देऊन, पान क्रमांकासकट.

"तिघांचं मूळ वाचलंस?"

"नाय ताई. सरांनी लिहिलंय की सगळं. कशाला परत?"

किळस आली. मग तिला घेऊन ग्रंथालयात गेले आणि दुसऱ्या अभ्यासकांचं पुस्तक रात्रपाळीच्या पानावर उघडून तिच्यापुढं ठेवलं.