मूठभर धोतरा

अकरा वर्षांची असताना माझं पक्कं मत होतं, की हिंगोलीत माझ्याएवढं शहाणं कुणी नाही. त्यामुळं सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आमच्या मुलींच्या शाळेत बोलायला आले, तेव्हा मी पहिल्या रांगेत बसून शेजारणीला कोपरानं ढोसत होते.

"झाडपाला म्हणजे बिनधोक, असं समजू नका," डॉक्टर म्हणाले.

मी लगेच उभी. "आमची आई दम्याला धोतऱ्याच्या पानांचा धूर घेती. महादेवालाबी धोतरा चालतो, मग माणसाला काहून न्हाई?"

वर्ग हसला. मला वाटलं, जिंकले.

डॉक्टर रागावले नाहीत. "धुरानं दम मोकळा होतो, हे खरं. पण त्याच पानात विष आहे. एका झाडात कमी, दुसऱ्यात जास्त, ते बघून कळत नाही. उकळलं तरी जात नाही. पोटात गेलं तर तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होऊन तापतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. माणूस हवेतलं काहीतरी वेचत बसतो, घरच्यांना ओळखत नाही. जीवही जातो."

त्या सकाळीच आईला धाप लागली होती. धुरानं एवढा गुण, तर काढ्यानं किती, असं डोकं चालवून मी मूठभर पानं गुळाच्या पाण्यात उकळून तिला पाजली होती. निघताना ती म्हणाली, "तोंडाला लई कोरड पडली गं." तर मी वैद्यासारखी मान हलवून म्हणाले, "औषध लागू पडून राहिलं."

आता मात्र शहाणपण संपलं. "आई आजारी हाय, चला," एवढंच बोलले आणि डॉक्टरांच्या पुढं धावत सुटले.

घरात आई बाजेवर बसून लुगड्यावरच्या मुंग्या वेचत होती. मुंगी एकही नव्हती. चुलती तिच्यावरून लिंबू उतरत होती.

"काय खाल्लं यांनी?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही न्हाई, साहेब. बाहेरचं हाय. तुमचं काम न्हाई हे."

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणाची पोर ही? हाकला तिला." तिच्या डोळ्यांत नुसतं काळं दिसत होतं.

गप्प बसले असते तर लिंबावर निभावलं असतं. माझं, तिचं नव्हे.

"मी पाजला," मी ओरडले. "धोतऱ्याचा काढा. मूठभर पानांचा."

चुलतीचा हात उठला. डॉक्टरांनी तो धरला. "मारा नंतर. आधी बाज उचला."

दवाखान्यात नळी घालून त्यांनी तिचं पोट धुतलं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मी दाराबाहेर बसून महादेवाला काय काय कबूल केलं, ते सांगत नाही. निम्मं अजून फेडायचं आहे. दुसऱ्या दिवशीही तिनं मला ओळखलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं.

"पाणी दे," ती म्हणाली. मी तांब्या घेतला, तशी पुढं म्हणाली, "आधी तू पी."