लो-की वीणाताई

आयर्लंडमधल्या स्लायगोच्या मराठी मंडळात पोस्टरं करायचं काम शैलेंद्रला कुणी दिलं नव्हतं, ते त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. दिवसा मेडिकल डिव्हाइसच्या कारखान्यात इंजिनियर, संध्याकाळी एआयकडून चित्रं काढून घेणारे थोर कलावंत. कलेला त्यांच्यापासून वाचवणार कोण?

वीणाताईंची केमो संपली होती. भरतनाट्यमचा बंद पडलेला क्लास त्यांना पुन्हा सुरू करायचा होता, पण मुलींना पालक आता पाठवतील का, ही धास्ती होती. त्यांनी शैलेंद्रला आपला फोटो पाठवला आणि सांगितलं, "पोस्टर जरा लो-की ठेव हं. गाजावाजा नको."

शैलेंद्रने आज्ञा शिरसावंद्य मानली. फोटो एआयला देऊन प्रॉम्प्टमध्ये लिहिलं, 'लो-की लायटिंग', म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत अंधारा प्रकाश. शिवाय भारदस्त वाटावं म्हणून 'किआरोस्कुरो', ही उजेड-अंधाराची जुनी इटालियन चित्रशैली. चित्र आलं: काळीकुट्ट पार्श्वभूमी, एका बाजूने उजेड, वीणाताईंचा अर्धा चेहरा अंधारात बुडालेला. खाली फक्त ठळक नाव. त्याने ते कौतुकाने ग्रुपवर टाकलं.

पहिलं उत्तर आलं, "भावपूर्ण श्रद्धांजली." मग हात जोडलेल्यांची रांग लागली. शेजारच्या कासलबार गावच्या जयेशने तर "काल तर बोललो होतो!" असंही लिहिलं.

वीणाताईंचा फोन आला. "शैलेंद्र, मी गेले का रे?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोस्टर काढून टाकून त्याने प्रॉम्प्टमध्ये 'आनंदी, आशादायी' हे शब्द जोडले, जुने मात्र तसेच ठेवले. आता वीणाताई अंधारातून हसत होत्या, गावातल्या हडळीसारख्या.

मग त्याने टोक गाठलं: 'हाय-की, समोरून मऊ प्रकाश, पांढरी पार्श्वभूमी, सावल्या नकोत.' वीणाताई टूथपेस्टच्या जाहिरातीतल्यासारख्या लखलखल्या. सुरकुती नाही, डोळ्यांखालचं काळं नाही.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ही बाई कधी आजारीच पडली नव्हती. ही कोण?"

शैलेंद्रने पहिल्यांदाच त्यांचा मूळ फोटो नीट पाहिला. मग साधं लिहिलं: 'एका बाजूच्या खिडकीतून उबदार, मऊ उजेड. चेहरा उजेडाकडे वळलेला. दुसऱ्या बाजूला सावली राहू दे, पण फिकी. सावलीतला डोळा स्पष्ट दिसावा. सुरकुत्या तशाच ठेव.' लो-की, हाय-की, किआरोस्कुरो, सगळी जड भांडी त्याने बाजूला ठेवली.

नवं चित्र त्याने आधी फक्त त्यांनाच पाठवलं. मग स्वतःच फोन केला.

"ताई, बदलू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "ही बाई बरी झालीय रे. मला अजून खरं वाटत नव्हतं."