मायच्या मण्यांचा दोरा

सराफाच्या दुकानात सोनं विकायला मी एकदाच गेले, वाशीमला, मायसोबत. आमच्या विहिरीला लागून असलेलं शेजाऱ्याचं अर्धा एकर वावर विकायला निघालं होतं. आमच्या भाजीचं पाणी त्याच बांधावरून येतं. ते दुसऱ्या कुणी घेतलं तर पाइप उचलावा लागला असता, आणि पाण्यावाचून मायचा मळा संपला असता. शेजाऱ्याने आठ दिवस थांबतो म्हटलं होतं. पोस्टातली ठेव मोडली, दोनपैकी एक म्हैस विकली, तरी कमीच पडत होतं.

मी शाळेत शिकवते, म्हणून हिशेब मलाच येतो असा माझा समज. "घाबरू नको, माहा हार आहे ना," मी मायला म्हटलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घेतलेला तो हार, खड्यांचा, मीनाकामाचा, खाली घुंगरं. त्याला मी दागिना कधी म्हणायचेच नाही, ऐटीत 'गुंतवणूक' म्हणायचे. हाराचं वजन तीस ग्रॅम, आजचा भाव एवढा, गुणाकार झाला. माय कमरेची पिशवी चाचपत एसटीत बसली.

सराफाने माझा आकडा ऐकून घेतला, हार काट्यावर ठेवला, भिंग लावून पाहिला. "मॅडम, खडे अन् मीना वजा जाता सोनं पंचवीस ग्रॅम भरते. अन् बावीस कॅरेटच्या भावानं. तुमी धरला तो चोवीसचा."

"अन् मजुरी? सोळा टक्के दिली होती मी."

"मजुरी कारागिराची झाली, जीएसटी सरकारचा. आमी सोन्याचे पैसे देतो, नक्षीचे नाई. वरून वितळवतानाची थोडी घट कापावी लागते."

भाव वाढलेला होता, म्हणून पावतीपेक्षा रक्कम जास्त येत होती. पण मी घरी मांडलेल्या आकड्यापुढे ती फारच तोकडी होती. पाचवीच्या पोरांना वजाबाकी शिकवणारी मी, स्वतःच वजा करायला विसरले.

मग मायने पिशवी सोडली. काळ्या दोऱ्यात ओवलेले भरीव मणी, एकेक ग्रॅमचे, नक्षी नाही, काही नाही. दर दसऱ्याला ती असा एक मणी घेते हे मला माहीत होतं. मी त्याला मनातल्या मनात हसायचेही.

"इकडचे सात कमी भरतीन," ती सराफाला म्हणाली. "तवा शिक्का नव्हता. बाकीचे पक्के हायेत."

सराफाने मशीनवर तपासले. सातच कमी निघाले, वीस कॅरेटचे. त्याने मायकडे पाहिलं, मग पुन्हा मशीनकडे. सही करताना अडखळणारी ही बाई भाव, कॅरेट, घट सगळं डोक्यात घेऊन बसली होती. पोटात लाख भरलेले मणी तिने कधी घेतलेच नाहीत, कारण विकताना लाखेचं वजन वजा होतं. आणि तिला प्रत्येक मणी ओळखू येत होता. "हा सांभाराच्या जुड्यायचा. हा वांग्याचा, त्या साली वांगं लय पिकलं. हा मेथीचा."

चौतीस मणी भरले, गरज भागली. मी म्हटलं, "माय, थोडे ठेव, माहा हारही मोडू."

"काहून? तुहा हार मोडला तं मजुरी जाते. माही पोत मोडली तं निसता दोरा जाते. वावरासाठीच तं जमवलं होतं. सोन्यातून वावर होते, वावरातून सोनं."

सराफाने कात्रीने दोरा कापला, मणी काढले, दोरा टोपलीत टाकायला निघाला. पैसे खात्यात जमा करायला त्याने मायचं पासबुक मागितलं. मायचं लक्ष दोऱ्याकडे. "तो दे इकडं, भाऊ."

दोऱ्यात शेजारी शेजारी दोन गाठी होत्या. कधीतरी तुटला असेल, असं मी इतकी वर्षं समजत आले होते. बाहेर आल्यावर विचारलं, "हे कायच्या गाठी?"

"त्या दोन साली मणी झाला नाई. तुही डीएडची फी भरली." तिने दोरा घडी घालून पिशवीत ठेवला. "पण त्यायच्यात घट नाई आली."

मग ती मेथीच्या बियाण्याचा भाव विचारायला समोरच्या दुकानात गेली.

या दसऱ्याला मी पगारातून एक ग्रॅमचा भरीव मणी घेतला, बावीस कॅरेट, शिक्का पाहून, मजुरी विचारून. ओवायला मायने तोच दोरा काढून दिला. गाठी सोडू का, म्हणून विचारलं तर ती म्हणाली, "राहू दे. त्यायच्या बाजूलेच ओव."