जेवढा जाईल तेवढा

पोलक्याची बाही बाईला रडवू शकते, हे मला पंचेचाळिशी उलटल्यावर कळलं. उजवा हात मागे नेला की खांद्यात अशी कळ उठायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. वेणी घालता येईना, पदर मागून ओढता येईना. रात्री त्या कुशीवर वळले की झोप गेलीच. शेवटी रोज सकाळी जाऊबाई मला पोलकं चढवायला लागल्या. मी गावच्या दूध सोसायटीची अध्यक्ष, डेअरीच्या साहेबांशी तोंडातोंडी करणारी, आणि सकाळी लहान पोरीसारखी हात पुढे करून उभी. मला त्याचा भयंकर संताप यायचा.

नवऱ्याने उपाय काढला. "नेकनूरच्या बाजाराला हाडं बसवनारा येतो. एक झटका दिला की लगेच मोकळं, म्हनत्यात."

"आदी तुमच्या मानेला देऊ द्या," मी म्हणाले, आणि एस.टी.त बसून बीडला सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी मला हात सैल सोडायला लावला आणि स्वतः उचलून, फिरवून बघितला. त्यांच्या हातातही तो तिथंच अडला. एक्स-रेच्या फोटोत हाड धडधाकट होतं. मधुमेहवाल्यांना हे जास्त होतं म्हणून साखर तपासली, ती निघाली नाही. "फ्रोझन शोल्डर दिसतोय, म्हणजे खांदा आखडलाय," ते म्हणाले आणि मला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे धाडलं.

त्या बाईंनी मला टेबलावर डावा हात टेकून वाकवलं, उजवा नुसता लोंबता सोडायला लावला आणि हळूहळू झुलवायला सांगितला. मग भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. आधी गरम पाण्याच्या कपड्याने शेकायचं.

"ताण बसू द्या, पण जोर करू नका," त्या म्हणाल्या. "नंतर बराच वेळ ठणकत राहिलं तर जास्त केलंत असं समजा. आणि कुणाला झटके देऊ देऊ नका."

"बरा कदी होईल?"

"आधी दुखणं कमी होतं. आखडलेपण मागं राहतं. मग तेही सुटत जातं. वर्ष, दीड वर्ष, कुणाला त्याहून जास्त. बहुतेकांचा हात बराच मोकळा होतो, ताई. तोवर सैल, पुढून उघडणारे कपडे वापरा. दुखरा हात बाहीत आधी घालायचा, काढताना शेवटी काढायचा."

पुढून उघडणारं सैल म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्याकडच्या बाया उसतोडीला जाताना साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवतात. मी पेटीतून नवऱ्याचा जुना शर्ट काढला आणि दुखरा हात आधी घातला. जाऊबाई दारात येईपर्यंत माझी बटणं लागली होती. त्या दिवशी मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

त्याच शर्टात मी संचालकांच्या बैठकीला गेले. दुष्काळ कडक होता, आणि जनावरांसाठी चारा छावणी सोसायटीने चालवायची होती. उपाध्यक्षांना ती स्वतःच्या मळ्यात न्यायची होती. मी अडवलं होतं, कारण तिथं वस्तीवरची जनावरं पोचेपर्यंतच निम्मी झाली असती. मग त्यांना माझ्या खांद्याची फार काळजी वाटायला लागली.

"अध्यक्षीणबाई उसाला निगाल्या का?" त्यांनी शर्टाकडे बघत विचारलं. सगळे हसले.

"गेले असते तर बरं झालं असतं. तितं लोक काम तरी करतात."

मग त्यांनी ठराव मांडला. प्रकृतीच्या कारणाने अध्यक्षांनी विश्रांती घ्यावी, कारभार उपाध्यक्षांनी बघावा. वर गोड आवाजात म्हणाले, "खांदा बरा झाला की या परत. तुमचीच खुर्ची हाय."

"वरीसभर न्हाई होनार तो. दोन वर्षं बी लागतील," मी म्हणाले. "तवर गुरांनी चारा मागायचा न्हाई का?"

सचिवाने हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूचे मोजून झाले. मग विरोधातले. माझं मत धरलं तर बरोबरी होत होती आणि ठराव बारगळत होता.

डावा हात मला सहज वर करता आला असता. नाही केला. ज्या हाताच्या नावाखाली मला घरी बसवत होते तोच उचलला. छातीपर्यंत आला आणि थांबला. मी जोर केला नाही.

उपाध्यक्ष म्हणाले, "हात वर पायजे. ह्यो काय वर हाय का?"

"येवडाच जातो," मी सचिवाला म्हणाले. "मोजा."

सचिवाने उपाध्यक्षांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी हात खाली घेतला नाही. त्याने मोजला.