पदराची गाठ आणि मधला खांब

तबस्सुमचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं तिच्या ऑफिसात सगळे म्हणायचे. राग का येतो, हे मात्र कुणी विचारत नसे.

पंचवटीतल्या एका अरुंद गल्लीत तिच्या वडिलांचं, कादरभाईंचं, बांगड्यांचं दुकान. तबस्सुम त्या दुकानाच्या पायरीवर वाढली. पर्वणीला नदीकडे जाणारी माणसं तिनं लहानपणापासून पाहिलेली. पुढं ती कॉम्प्युटर शिकली, आणि कुंभमेळ्याच्या तयारीत तीच गल्ली तिच्या पडद्यावर आली. तिथली गर्दी कशी चालेल, हे ठिपक्यांनी दाखवायचं काम तिच्या कंपनीला मिळालं होतं. गल्लीच्या मधोमध लोखंडी खांबांची रांग रोवायची, येणारे एका बाजूनं आणि जाणारे दुसऱ्या बाजूनं, असा बेत होता. खांबांसाठी खड्डेही खणून झाले होते.

कंपनीचे मालक दिनेश सर. त्यांनी पक्ष्यांच्या थव्याचा तयार प्रोग्रॅम आणला. त्यात प्रत्येक ठिपका फक्त जवळच्या ठिपक्यांकडे बघतो आणि तीन नियम पाळतो: फार जवळ आलेल्यापासून दूर सरक, शेजारी जिकडे चाललेत तिकडे वळ, आणि त्यांच्या मध्याकडे ओढ घे. वरून अडथळा चुकवायचा चौथा नियम. थवा खांबापाशी आला की दुभंगायचा आणि पलीकडे पुन्हा एक व्हायचा. बघत राहावं असं देखणं.

"सर, पाखरं हात धरून उडत नाहीत," तबस्सुम म्हणाली. "खेड्यावरची माणसं चुकामूक होऊ नये म्हणून पदराला पदर, उपरण्याला उपरणं बांधून येतात. आठ-दहा जणांची एक माळ."

"इतकं बारीक कोण बघतं?"

तिनं बघितलं. प्रत्येक ठिपक्याला त्याचं कुटुंब दिलं. ओढ जवळ दिसेल त्याच्याकडे नव्हे, घरच्यांकडे. दूर सरकण्याचा नियम घरच्यांपुरता जवळजवळ बंद. दिशा घ्यायची ती आपल्याच बाजूला चाललेल्यांची. आणि पदराच्या लांबीपलीकडे कुणी जायचं नाही. प्रोग्रॅम चालवला. पहिलंच कुटुंब खांबापाशी आलं. चौघं डावीकडून, चौघं उजवीकडून गेली. गाठ खांबाला अडली, आठही ठिपके जागच्या जागी थांबले आणि मागचे त्यांच्यावर चढत गेले. वीस वेळा चालवलं, सतरा वेळा गल्ली तुंबली. खांब काढून दोन दिशांना दोन वेगळ्या गल्ल्या दिल्या, तर एकदाही नाही.

"तुझ्या कोडमध्ये बग असणार. बैठकीत थवाच दाखवायचा," दिनेश सर म्हणाले.

तबस्सुमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या अब्बांच्या पायरीसमोर माणसं चेंगरणार, आणि या माणसाला देखणं चित्र हवं!

बैठकीत थवा उडाला. मेळ्याचं काम बघणारे मोठे साहेब खुश झाले, माना डोलल्या. तबस्सुम उठली आणि तिनं आपला प्रोग्रॅम लावला. ठिपके तुंबले. साहेब म्हणाले, "हे काही नीट चालत नाहीये." दिनेश सर हसले. ते हसणं तिला सहन झालं नाही.

चहाचा ट्रे घेऊन शिपाई मल्हारी उभा होता, दिंडोरीकडचा. "मल्हारीभाऊ, तुमच्याकडची माणसं नदीवर कशी येतात?" तिनं विचारलं.

"गाठ मारून, ताई. आमची कारभारीण सुलाबाई तर माझ्या धोतरालाच मारती. लय गर्दी असती ना."

तबस्सुमनं खांद्यावरची ओढणी काढली. एक टोक मल्हारीच्या मनगटाला, दुसरं दिनेश सरांच्या. सर नको नको म्हणेपर्यंत गाठ बसलीही होती. "साहेब, तुम्ही यांच्या मागोमाग चाला. थांबू नका."

दालनाच्या मध्ये एक खांब होता. मल्हारी उजवीकडून निघाला, सर डावीकडून. ओढणी खांबाला ताणली, सरांना मागं हिसका बसला आणि ते थेट साहेबांच्या छातीवर आदळले.

"आता तुमच्यामागून हजारो माणसं येताहेत," तबस्सुम म्हणाली. "यांनी गाठ सोडायची की घरचं माणूस?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा नीट केला आणि खांबांचा बेत रद्द म्हणून लिहून घ्यायला सांगितलं. बाहेर पडताना दिनेश सर साहेबांना सांगत होते, "आमच्या टीमनं फार बारकाईनं काम केलंय."

तबस्सुम तिथून तडक गल्लीत गेली. राग गेलाच नव्हता. वीस वेळा चालवलेलं कुणाला खरं वाटलं नाही. साहेबांच्या छातीला धक्का लागला तेव्हा वाटलं.

दोन दिवसांनी माणसं खड्डे बुजवायला आली, तेव्हाही ती तिथं उभी होती. "बेटा, बस झालं, घरात ये," कादरभाई पायरीवरून म्हणाले. ती हलली नाही. शेवटचा खड्डा त्यांच्याच पायरीसमोर होता, आणि घमेली उचलून माणसं निघाली होती.

"ओ भाऊ," ती ओरडली, "हा राहिला. हा बुजवल्याशिवाय मी इथून हलणार नाही."