उणे दहाचं सेंटर

सोलापूरच्या आमच्या डायलिसिस सेंटरची मी मॅनेजर. नवी पेठेच्या मागे एका खोलीत एकटी राहते. नवरा गेल्यापासून घरी बोलायला भिंतीच. त्यामुळे दिवसभरात खरं बोलणं व्हायचं ते दुपारी, इन्चार्ज सिस्टरबरोबर डबा खाताना. ती विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिच्या डब्यातली चटणी इतकी तिखट की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मला रडायला तेवढं निमित्त पुरायचं.

त्या तिमाहीचा नेट प्रमोटर स्कोअर आला: उणे दहा. पुण्याच्या मुख्य ऑफिसातून साहेबांचा निरोप आला की रुग्ण नाराज आहेत, इन्चार्ज बदलावी लागेल, सिस्टरला कोल्हापूरला पाठवू. माझं डोकंच फिरलं.

हा आकडा काढायची रीत साधी आहे. रुग्णाला विचारायचं, तुमच्या मित्रांना, नातेवाइकांना आमच्या सेंटरची शिफारस कराल का, शून्य ते दहात सांगा. नऊ-दहा देणारे ते खूश. सात-आठवाले मधले, ते हिशेबात धरतच नाहीत. शून्य ते सहा देणारे सगळे नाराज, शून्य काय नि सहा काय, एकाच माळेचे मणी. खूश लोकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की झाला स्कोअर. दहातल्या चौघांनी नऊ-दहा दिले, एकाने आठ दिले आणि पाच जण खाली राहिले, तर चाळीस वजा पन्नास, उणे दहा. ते पाच जण खाली का राहिले, हे आकड्यात कुठेच नसतं.

म्हणून मी परत एकेका खुर्चीजवळ गेले. शून्य देणाऱ्यांत मोहोळचे एक आजोबा होते. हाताच्या शिरेत दोन सुया, रक्त मशीनमधून फिरतंय, आणि मी त्यांना विचारतेय की शून्य का दिलंत.

"बाई, मी कुणाला सांगू हितं ये म्हणून? वैऱ्यावर बी ही येळ येऊ नये."

दवाखान्यातून निघणाऱ्याला आपण 'पुन्हा या' सुद्धा म्हणत नाही, आणि मी या माणसाला त्याचे सोयरे-धायरे इकडे पाठवायला सांगत होते. मग सिस्टर कशी वाटते, एवढंच विचारलं.

"ती हाय म्हणून मी हाय की."

शेजारच्या खुर्चीवरच्या चाचांचंही तेच. त्यांनी तर प्रश्न ऐकून आधी तौबा केली होती. बाकीच्या शून्यवाल्यांतही सिस्टरबद्दल वाकडा शब्द कुणी काढला नाही. एकीची तक्रार होती, पण ती पंख्याबद्दल.

मी व्हिडिओ मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, प्रश्न सगळीकडे हाच आहे, मग पुण्याचा स्कोअर चांगला कसा? मी म्हटलं, तिथे फॉर्म नातेवाइकांच्या मोबाइलवर जातो, दारातून बाहेर पडताना. इथे आम्ही सुई टोचलेल्या माणसाला विचारतो. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवायचे तर हे तरी बघा. शिवाय उत्तरं मूठभर, चार माणसांनी मत बदललं तर आकडा उलटा होतो. आकड्याबरोबर लोकांचे शब्द वाचा. त्यांनी शांतपणे ऐकलं, मुद्दा नोंदवतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात बदलीची ऑर्डर आली आणि आमचाही फॉर्म मोबाइलवर जाईल असं कळवलं. म्हणजे माझं ऐकलं, पण अर्धंच.

सिस्टर गेली. जाताना रडली नाही, मीच रडले, आणि त्या दिवशी डब्यात चटणीही नव्हती. त्यानंतर मी टेबलावर एकटीच जेवायला लागले. नवी इन्चार्ज चांगली पोरगी आहे, पण डबा मोबाइल बघत खाते.

पुढच्या तिमाहीचा स्कोअर वर गेला, चांगला भरघोस. साहेबांनी ग्रुपवर फुलांचा गुच्छ टाकला, बदल योग्य ठरला म्हणून. मी उत्तरं उघडून बसले. बहुतेक मुलांनी, सुनांनी दिलेली, रांगेत नऊ आणि दहा. शून्यवाल्यांपैकी काही जण दुसऱ्या सेंटरला गेले होते, कारण शीर बरोबर शोधणारा सिस्टरचा हात त्यांना इथे मिळेना. आजोबा तर महिन्याभरापूर्वीच वारले होते. त्यांना आता कोण विचारणार?

त्या संध्याकाळी न राहवून मी सिस्टरला कोल्हापूरला फोन लावला. काय बोलावं सुचेना, म्हणून स्कोअर वाढल्याचं सांगून टाकलं. ती मनापासून खूश झाली. तिला वाटलं, माझं म्हणणं अखेर साहेबांना पटलं आणि तो प्रश्नच बदलला.

"मग आपले मोहोळचे आजोबा आता किती देतात?"

मी म्हटलं, आता फॉर्म मोबाइलवर जातो, आणि तिला विचारलं, आज डब्यात चटणी होती का.