विषय : तेल

युनिफॉर्म शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे तोंडावर काकू म्हणत आणि पाठीमागे ‘कातर’. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कापड अंथरायचं, थरावर थर चढवायचे, साचे मांडून खडूने आखायचं आणि मग दोन्ही हातांनी कटिंग मशीन धरून अख्खा थर एका दमात कापायचा, हे तिचं काम. साचे ती असे खेटून बसवायची की चिंध्या विकत घ्यायला येणाऱ्या माणसाचं तोंड उतरायचं. जीभही तशीच. खांदा वाकडा बेतलेला दिसला की बेतणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी व्हायची.

कटिंगचं टेबल कमरेच्या वर असतं, त्यामुळे हे काम बसून होत नाही. सकाळी टेबलाशी उभं राहिलं की जेवायच्या सुट्टीलाच पाठ टेकायची. इतकी वर्षं अशी काढल्यावर तिच्या तळव्यांनी बंड पुकारलं. टाचा ठणकायच्या आणि तळव्यांची अशी आग व्हायची की फरशीवर पाणी ओतून त्यात उभं राहावंसं वाटे. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, हे तिला रागावल्याशिवायच कळलं. वैद्यबाईंनी आधी रक्तातली साखर तपासून घेतली, ती ठीक निघाली. मग म्हणाल्या, “उभं राहण्याचं दुखणं आहे हे. पिंड तेल लावा तळव्यांना, रोज. नुसतं वरून लावायचं.”

ते तेल आणायचं काम अक्काने स्वतःकडे घेतलं. अक्का म्हणजे कापडाच्या कडा शिवणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशीनवरची, कातरेची कारखान्यातली एकुलती एक मैत्रीण. बाकीच्यांना कातर परवडत नसे आणि अक्काला मशीनच्या आवाजाने निम्मं ऐकू येत नसे, म्हणून मैत्री टिकली, असं लोक म्हणत. तसं काही नव्हतं. अक्काला सगळं कळायचं, फक्त ती उत्तर द्यायच्या भानगडीत पडायची नाही. जेवण झालं की कापडाच्या गठ्ठ्यावर पाय ठेवून कातर बसायची. अक्का तेलाची बाटली घेऊन यायची, तांबडं, पातळ, कोमट तेल तिच्या तळहातावर ओतायची आणि स्वतः शेजारी बसून सुपारी कातरत राहायची. तेल जिरलं की सुती मोजे चढवायचे आणि पुन्हा टेबल. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. बाटली घरी कधी गेलीच नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात अक्काचा मुलगा तिला आपल्याकडे, दुसऱ्या शहरात घेऊन गेला. जाताना अक्काने भरलेली बाटली कातरेच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. ती उन्हाळाभर आणि पुढेही बरेच दिवस पुरली. थंडी सुरू झाली आणि बाटली संपली.

आता पिंड तेल म्हणजे काही दुर्मिळ वस्तू नाही. बाजारपेठेतल्या आयुर्वेदिक दुकानात कातर गेली, नाव सांगितलं, दुकानदाराने बाटली पुढे केली. तिने ती उलटी केली. आतलं तांबडं जागचं हललं नाही.

“हे तेल आहे की मलम?”

“थंडीत गोठतं हो. मेण असतं यात.”

“मला शिकवू नका. आठ वर्षं लावतेय मी. आमचं तेल पाण्यासारखं पातळ होतं.”

दुसऱ्या दुकानात वेगळ्या कंपनीची बाटली निघाली, ती अर्धी गोठलेली आणि खाली गाळासारखं काहीतरी. त्यानेही मेणाचंच सांगितलं. तिसऱ्या दुकानातल्या बाईने तर बाटली हातात घ्यायच्या आधीच “घट्ट दिसेल बरं का” म्हणून सुरुवात केली. तेव्हा कातरेची खात्रीच पटली की शहरातले सगळे दुकानदार एकमेकांना सामील आहेत आणि भेसळ खपवायला सगळ्यांनी एकच उत्तर पाठ केलंय. घरी येऊन तिने नवऱ्याला ऐकवलं. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, “मग सगळे खरं बोलत असतील.” त्या संध्याकाळी त्याला चहा उशिरा मिळाला.

इकडे पाय ऐकेनात. दुपारनंतर ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत उभी राहायची आणि एकदा मशीन जरासं वाकडं गेलं. वीसेक थरांचे खिसे वाया गेले. तिच्या हातून असं पूर्वी झालं नव्हतं. मालकांनी आरडाओरडा केला नाही, त्याचीच तिला धास्ती वाटली. ते टेबलापाशी येऊन मऊ आवाजात म्हणाले, “काकू, तुम्ही आता बटणांकडे बसा की. बसून काम. हॉस्पिटलची मोठी ऑर्डर येतेय, तिच्यासाठी मी एक नवा कटर बघून ठेवलाय.”

“ऑर्डर कधी?”

“पुढच्या आठवड्यात.”

“मग पुढच्या आठवड्यात बघू.”

बटणांचं टेबल खिडकीशी होतं, उजेडाचं होतं, तिथे खुर्चीला गादीसुद्धा होती. कातरेला तिथे जाऊन बसण्यापेक्षा घरी बसलेलं चाललं असतं. आयुष्यात तिला एकच गोष्ट सगळ्यांपेक्षा चांगली येत होती आणि ती उभ्यानेच करायची होती.

अस्सल तेल कुठे मिळतं हे एकट्या अक्काला माहीत होतं. पण अक्काला फोनवर काही ऐकू येत नसे. मागच्या वेळी कातरेने फोनवर एवढा आवाज चढवला होता की शेजारीण भांडण सोडवायला आली. अक्काच्या नातीने आजीला ई-मेल उघडून दिला होता आणि त्याचा पत्ता कारखान्याच्या ऑफिसात लिहून ठेवला होता. कातर हिशेब बघणाऱ्या मुलीसमोर जाऊन बसली.

“लिही गं पोरी. अक्काला.”

“विषय काय लिहू, काकू?”

“विषय तेल.”

मुलीने लिहिलं. “प्रिय अक्का, तू कशी आहेस?”

“ते नको. साहेबांचा कॉम्प्युटर आहे, कामाचं तेवढं लिही. लिही, पिंड तेल तू कुठून आणायचीस त्या दुकानाचं नाव आणि पत्ता कळव. इथे तीन दुकानांत पाहिलं, सगळीकडे नकली माल आहे, गोठलेला. आपलं पातळ असायचं तेच पाहिजे. इथे मिळत नसेल तर तुझ्याकडे कुठे मिळतं ते बघ. लवकर कळव, टेबल जायची वेळ आलीय.”

“खाली काय लिहू?”

“माझं नाव लिही, दुसरं काय.”

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मुलीने हाक मारली तशी कातर टेबल सोडून गेली, हे तिने कधी केलं नव्हतं. डोळे बारीक करून वाचू लागली, अक्षरं लागेनात, मग मुलीनेच वाचून दाखवलं. अक्काने लिहिलं होतं:

“बाजारपेठेत घड्याळवाल्याच्या शेजारचं दुकान आहे ना? तिथूनच आणायचे मी. त्या तेलात मेण असतं, थंडीत ते गोठतंच. तिन्ही दुकानदारांनी हेच सांगितलं असेल आणि तू तिघांशी भांडून आली असशील. सकाळी आले की मी बाटली इस्त्रीच्या प्रेसच्या बॉयलरशेजारच्या फळीवर ठेवायचे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते पातळ व्हायचं, कोमटही व्हायचं. घरी लावायचं असेल तर बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेव, गॅसवर ठेवू नकोस. घट्ट तेल दिलं असतं तर तू पहिल्याच दिवशी माझ्या अंगावर फेकलं असतंस, म्हणून बोलले नाही. मग सवयच झाली. फळीवर दुसरं काही ठेवलं असेल तर उचलायला सांग.

तू विचारलं नाहीस, पण मी बरी आहे. इथे घरात सगळे दिवसभर बाहेर असतात. जेवण झालं की काय करावं सुचत नाही.”

मुलगी थांबली. कातरेने उगाच टेबलावरचा स्टेपलर सरळ केला.

घड्याळवाल्याच्या शेजारचं म्हणजे तिने पाहिलेलं पहिलंच दुकान. ती तिथे गेली. दुकानदाराने तिला ओळखलं आणि तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं. “द्या तीच बाटली,” ती म्हणाली. “घट्ट असली तरी द्या.” एवढं म्हणणं म्हणजे तिच्या हिशेबी माफीच होती.

बॉयलरशेजारच्या फळीवर आता रिळांची खोकी रचलेली होती. प्रेसवाल्याने ती हटवली आणि सहज म्हणाला, “अक्काची फळी. रोज येऊन बाटली ठेवायची, मध्ये एकदा येऊन फिरवायची. दुसरी बाजू पण तापली पाहिजे म्हणायची. मला वाटायचं, तिचंच औषध असेल.” मशीनवरून रोज सकाळी मध्येच उठून अक्का कुठे जायची, हे कातरेनेही पाहिलेलं होतं. पाणी प्यायला जात असेल, असं तिने धरलं होतं. उठते फार, असं एकदा बोलूनही दाखवलं होतं.

दुपारी बाटलीतलं तेल लख्ख तांबडं झालेलं होतं, झाकण उघडताच ओघळलं. तिने गठ्ठ्यावर पाय ठेवले आणि एकटीने तेल लावलं. तेलाने चमत्कार झाला असं कोणी समजू नये. टाचा पहिले चार दिवस तशाच दुखत होत्या. पण आग ओसरली, रात्रीची झोप लागू लागली आणि झोप झालेली कातर म्हणजे दोन कातरा. हॉस्पिटलची ऑर्डर आली तेव्हा नवा कटर तिच्यासमोर उभा होता. तिने त्याला थर धरायला लावलं आणि साचे स्वतः मांडले. कापून झाल्यावर मालकांनी चिंध्यांचं पोतं उचलून पाहिलं, ते हलकं होतं. बटणांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

त्या संध्याकाळी मशिनी बंद झाल्यावर ती ऑफिसात गेली.

“लिही गं, अक्काला.”

“विषय? तेल मिळालं, असं लिहू?”

“तेलाचं एका ओळीत लिही, सगळ्यात शेवटी.” कातर खुर्ची ओढून नीट बसली. “विषयात अक्का लिही. आणि तू सुरुवातीला लिहिलं होतंस ना मागच्या वेळी, मी खोडायला लावलं ते? ते आधी लिही.”

मुलीने लिहिलं, तू कशी आहेस. मग पुढच्या वाक्यासाठी तिने वर पाहिलं. साहेबांच्या कॉम्प्युटरसमोर बसून कातर पदराच्या टोकाने डोळे पुसत होती आणि पुढचं वाक्य तिला लवकर सुचत नव्हतं.